तीन हजारांचे दोन हजार

पत्र

मी लातूरचा. हायस्कूलवर मराठी शिकवतो. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आमच्याकडं पाणी आलं, त्यावर एका दिवाळी अंकासाठी तीन हजार शब्दांचा लेख लिहिला. संपादकांचं उत्तर आलं: लेख आवडला, पण दोन हजारांत बसवून नव्यानं लिहून पाठवा. दोन दिवस विशेषणं काढत बसलो. 2,740 वर आलो आणि लेख पार वाळून गेला. बायको म्हणते, आजोबांचा भाग काढा. मित्र म्हणतो, आकडे काढ. मला दोन्ही काढवत नाहीत. आधी काय काढू? पंधरा दिवस हातात आहेत. मूळ लेख आणि छाटलेला, दोन्ही सोबत जोडले आहेत.

उत्तर

सर, पहिलं काम म्हणजे काढलेले ते 260 शब्द परत घाला. मूळ मसुदा उघडा आणि छाटलेला बाजूला ठेवून द्या.

असं का म्हणतो ते तुमच्याच एका वाक्यावरून सांगतो. मूळ लेखात होतं: "आईनं आबांच्या गळक्या पितळी घागरीला बुडाशी मेण लावून ती रांगेत ठेवली होती." छाटलेल्या लेखात उरलं: "आईनं घागर रांगेत ठेवली होती." सात शब्द वाचले. पण थेंबभर पाणीसुद्धा गळू नये म्हणून बुडाला मेण लावणारी बाई त्या सात शब्दांत होती, ती गेली. राहिली ती कुठल्याही गावातली, कुठल्याही वर्षातली घागर. त्याच लेखात पहिली दोन पानं मराठवाड्याच्या भूगोलावर खर्च झालीत आणि ती जवळजवळ जशीच्या तशी आहेत, कारण तिथं काढायला विशेषणंच नव्हती. शब्दाशब्दानं छाटायला बसलं की हे असं होतं. जिथं जिवंत तपशील असतो तिथंच कात्री चालते, कारण काढण्यासारखं डोळ्यांना तिथंच दिसतं.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही न बोलता गृहीत धरली आहे. लेखाचा दहावा भाग कमी करणं आणि तिसरा भाग कमी करणं हे एकच काम आहे, फक्त दुसऱ्याला वेळ जास्त लागतो, असं तुम्हाला वाटतंय. माझा अनुभव वेगळा आहे. बऱ्यापैकी लिहिलेल्या मराठी गद्यातून नुसते शब्द वेचून शेकड्याला आठ-दहा निघतात. तुमचे दोन दिवसांत जवळपास तेवढेच निघाले, म्हणजे तुम्ही काम चोख केलंत. त्यापुढं गेलात की हाडाला लागतं. तिसरा भाग काढायचा तर लेखातले एक-दोन विषयच जावे लागतात. संपादकांनी "नव्यानं लिहा" म्हटलंय ते बहुधा याचसाठी.

म्हणून आधी काय काढायचं हे ठरवण्याच्याही आधी एक ओळ कागदावर लिहा: हा लेख कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो? "मराठवाड्यातला दुष्काळ" हा विषय झाला, प्रश्न नाही. तुमचा लेख मी दोनदा वाचला. मला त्यात दिसलेला प्रश्न असा: इतकं गाजावाजा करून रेल्वेनं आलेलं पाणी आमच्या गल्लीत कसं पोचलं आणि गल्लीनं ते आपसात कसं वाटून घेतलं? तुम्हाला वेगळा दिसत असेल तर तो धरा, पण एकच धरा. दोन प्रश्न हे तीन हजार शब्दांचं चैनीचं काम आहे.

आता पेन्सिल घ्या. प्रत्येक भागाच्या समासात दोन गोष्टी लिहा: शब्द किती, आणि तो भाग त्या प्रश्नासाठी काय करतो. दुसरी गोष्ट चार-पाच शब्दांत सांगता आली पाहिजे. मी तुमच्या लेखावर हे करून पाहिलं. सुरुवातीला पर्जन्यछायेचा प्रदेश, पिढ्यान्‌पिढ्यांचा दुष्काळ वगैरे, 410 शब्द. मग आजोबांचं बहात्तर साल, 380. मांजरा धरण का आटलं, 450. गल्लीतला टँकर, रांग आणि भांडण, 620. स्टेशनावरची सकाळ, 520. क्लासेससाठी आलेली मुलं खोल्या सोडून गावी परतली तो भाग, 270. सरकारनं काय करायला हवं, 250. शेवटचा समारोप, 100. बेरीज बरोबर तीन हजार.

हे आकडे मांडले की एक गोष्ट लगेच डोळ्यांवर येते. ज्या गल्लीसाठी लेख लिहिला तिला 620 शब्द, आणि वाचक गल्लीत पोचण्याआधी त्याला 1,240 शब्द चालावं लागतं. वाटेत बरेच जण परत फिरतील.

पहिली कात्री सुरुवातीला लावा. तिथला मजकूर वाईट नाही, तुम्हाला स्वतःला विषयात शिरण्यासाठी तो लागला. लिहिणाऱ्याला गळा साफ करावा लागतोच. पण मराठी दिवाळी अंक हातात घेणाऱ्याला मराठवाड्यात पाऊस कमी पडतो हे सांगायला 410 शब्द लागत नाहीत. त्यातली एकच माहिती पुढं उपयोगाची आहे: धनेगावच्या मांजरा धरणातून शहराला पाणी येतं. ती धरणाच्या भागात आहेच. साठेक शब्द ठेवा, बाकी 350 गेले.

दुसरा जाईल तो उपायांचा भाग, पूर्ण. ठिबक, जलपुनर्भरण, उसाचं क्षेत्र, हे सगळं खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे, पण गल्लीच्या प्रश्नाला त्याचं उत्तर लागत नाही. आणि 250 शब्दांत उसाचा प्रश्न मांडला तर उसावर अन्याय आणि वाचकावरही. त्यावर वेगळा लेख लिहा. समारोपही जाऊ द्या. "पाणी हेच जीवन" इथं लेख संपवण्यापेक्षा मेण लावलेली घागर भरली तिथं संपवला तर बरं. हे 350 झाले.

आता आजोबा. तुमच्या बायकोचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणं, परदेशातून आलेली लाल मिलो, सुकडी, मुकादमाची हजेरी. सगळं उत्तम लिहिलंय, लेखातलं सर्वांत चांगलं गद्य कदाचित तिथंच आहे. म्हणूनच ते धोक्याचं आहे. वाचक 1972मध्ये रमतो, आणि मग त्याला ओढून 2016मध्ये आणावं लागतं. पण त्याच भागात आबांचं एक वाक्य आहे: "बहात्तरला खायला नव्हतं, पन आडाला पानी व्हतं." हे वाक्य तुमच्या प्रश्नाचं काम करतं. तेव्हाचा दुष्काळ धान्याचा होता आणि हा पाण्याचा, हा सगळा फरक सात शब्दांत आला. तेवढं उचला आणि स्टेशनावरच्या गर्दीत, टाक्यांचे डबे पाहताना आबांच्या तोंडी द्या, आबा त्या सकाळी तिथं होतेच ना. आजूबाजूचे धरून चाळीस शब्द. 340 वाचले, आणि आबा लेखात आहेत. मागं होते त्यापेक्षा ठळक.

इथं दुसरा एक पर्याय सुचेल. सगळ्याच भागांतून थोडं थोडं काढायचं, प्रत्येकाचा तिसरा हिस्सा, म्हणजे कुणावर अन्याय नाही. वाटणीला हे ठीक आहे, लेखाला नाही. प्रसंगाचा तिसरा हिस्सा काढला की प्रसंगाचा अहवाल होतो. "रांगेत भांडण झालं, मग मिटलं" एवढं उरतं. कुणाचा हंडा आधी होता, कुणी कुणाला काय म्हटलं, हे गेलं की मिटलं कसं ते कळत नाही. अख्खा प्रसंग काढलेला वाचकाला कळतही नाही, अर्धवट काढलेला मात्र लगेच कळतो.

धरणाचा भाग 450 वरून 260 वर आणा. इथं मात्र आतून कमी करायचंय, कारण हा प्रसंग नाही, समजावणी आहे, आणि समजावणी आकसते. इथंच तुमच्या मित्राच्या आकड्यांचा मुद्दा येतो. या लेखात मी 23 आकडे मोजले. धरणाची क्षमता दलघमीमध्ये, मृतसाठा, टक्के, सलग तीन वर्षांचा पाऊस मिलिमीटरमध्ये. दलघमी म्हणजे किती हे लातूरच्याच माणसाला डोळ्यांपुढं आणता येत नाही, पुण्याच्या वाचकाचं सोडा. पण पुढं स्टेशनावरचा आकडा वेगळा आहे: 12 एप्रिलला पहाटे पहिली गाडी आली, दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढं होती. भागाकार करा: माणशी सव्वा लिटरच्या आसपास. साडेतीनशे किलोमीटरवरून, राजस्थानातल्या कोट्याहून वाफेनं धुऊन आणलेल्या टाक्यांतून, माणशी एक बाटली. हा भागाकार तुमच्या लेखात नाही आणि तो यायला हवा. म्हणजे आकडे काढायचे की ठेवायचे हा प्रश्नच नाही. हातात धरता येईल असा आकडा ठेवायचा. टक्के सहसा हातात धरता येत नाहीत, बाटली येते. त्याच न्यायानं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, कलम 144, हा एक आकडा आणि दोन वाक्यं ठेवा. पाण्यासाठी पाचजणांनी जमायचं नाही, ही गोष्ट वाचक विसरणार नाही.

हिशोब जुळवू: 350, 350, 340, 190. एकूण 1,230 गेले, उरले 1,770. म्हणजे तुमच्या हातात 230 शब्द आहेत. हे मुद्दाम असं ठेवलंय. काटेकोर दोन हजारांवर आणून थांबलात तर सांधे जोडायला शब्द उरत नाहीत, आणि सांध्यांना लागतातच. माझ्या हिशोबानं चार सांध्यांना ऐंशीएक शब्द. उरलेले दीडशे गल्लीला द्या. रांगेतलं भांडण कुणी मिटवलं हे तुम्ही एका वाक्यात उरकलंय, तिथं खर्च करा. लेख लहान करायचाय म्हणून त्यातलं काहीच वाढवायचं नाही, असा नियम नाही.

मुलांच्या भागाचं मला नक्की सांगता येत नाही. खोल्या रिकाम्या झाल्या तर गल्लीत हंडे कमी झाले, असा धागा तुम्हाला दाखवता आला तर तो प्रश्नाच्या आत आहे. नाही दाखवता आला तर 270 शब्द आणखी मोकळे. हे तुम्हीच ठरवा, गल्ली तुमची आहे.

आता छाटल्यावर काय बिघडतं ते सांगतो, कारण इथं मी स्वतः तोंडावर पडलोय. फार वर्षांपूर्वी एका दैनिकाच्या पुरवणीत माझा लेख जागेअभावी खालून कापला गेला. बातमी खालून कापता यावी अशीच लिहितात, मोठं वर, बारीकसारीक खाली. खिळे जुळवण्याच्या काळात पानावर मजकूर बसेना की उपसंपादक शेवटचा परिच्छेद उचलायचा. लेखाचं तसं नसतं. माझ्या लेखात ज्या म्हाताऱ्यासाठी सगळं लिहिलं तो शेवटच्या परिच्छेदात यायचा, आणि तो आलाच नाही. चूक त्यांची होती. पण त्याच लेखाचं पुढं पुस्तकासाठी मी स्वतः लहान रूप केलं तेव्हा आणखी एक गंमत झाली. छापून आल्यावर दिसलं की "तीच काठी" असं मी लिहिलंय, आणि ती काठी पहिल्यांदा जिथं आली ते पान मी काढून टाकलं होतं.

तुमच्या लेखात ती काठी म्हणजे "आबांची घागर". आजोबांचा भाग गेला की रांगेतल्या वाक्यात वाचकाला आबा पहिल्यांदा भेटतात, आणि ते कोण हे त्याला ठाऊक नसतं. तिथं "माझ्या आजोबांच्या" करा, पुढं स्टेशनावर त्यांना आबा म्हणा. असे पोरके झालेले शब्द शोधायची एक रीत आहे. प्रत्येक सांध्यानंतरच्या दोन परिच्छेदांत हे शब्द पेन्सिलीनं गोल करा: तो, ती, ते, तेव्हा, तीच, पुन्हा, सुद्धा, तरीही. मराठीत हे बारके शब्द मागच्या कशाकडं तरी बोट दाखवतात. बोट जिकडं आहे तिथं अजून काही उभं आहे का ते पाहा. तुमच्याकडं "तेव्हासुद्धा रांगा होत्या" असं एक वाक्य धरणाच्या भागात आहे. ते 'तेव्हा' म्हणजे बहात्तर, आणि बहात्तर आता गेलंय.

शब्दांची छाटणी यानंतर, अगदी शेवटी. आधी केलीत तर ज्या परिच्छेदाला दोन तास घासलं तोच उद्या उचलावा लागतो, आणि घासल्यामुळं तो काढवतही नाही. शेवटच्या फेरीत कुठं पाहायचं तेही सांगतो. विशेषणांना हात लावू नका, क्रियापदांकडं पाहा. "महापालिकेच्या वतीने शहरातील विविध भागांमध्ये टँकरच्या माध्यमातून पाणीपुरवठा करण्यात येत होता." अकरा शब्द. "महापालिका टँकरने पाणी देत होती." पाच. एकही चित्र गेलं नाही, कारण तिथं चित्र नव्हतंच. च्या माध्यमातून, च्या वतीने, करण्यात आले, या ठिकाणी, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. सरकारी पत्रकांतून ही भाषा आपल्या सगळ्यांच्या हातात उतरलीय, शिक्षकांच्या तर जास्तच, रागावू नका. याउलट हंडे-कळशा, अडलं-नडलं, येता-जाता अशा जोड्यांना हात लावू नका. त्या बोलण्याच्या लयीत बसलेल्या आहेत, आणि जोडून लिहिल्या की बहुतेक वेळा एकच शब्द मोजला जातो.

यावरून आठवलं. पाणी टंचाईचं पाणीटंचाई, रेल्वे स्थानकाचं रेल्वेस्थानक असं जोडून शब्दसंख्या खाली आणणारे लेखक मी पाहिलेत. संगणक फसतो, पान फसत नाही. जोडून लिहायचं ते योग्य आहे म्हणून लिहा.

संपादकांकडं 2,300 मागून पाहावेत का? मागा, पण दोन हजारांचा लेख तयार झाल्यावर, आणि तुमच्याकडं नेमका कोणता तीनशे शब्दांचा भाग आहे हे सांगून. आधीच मागितलेत तर ते तीनशे शब्द पर्जन्यछायेत जातील.

ज्यांच्या हातात लेखाऐवजी संस्थेचा अहवाल किंवा प्रबंधाचा गोषवारा आहे, त्यांनी वरचा क्रम जसाच्या तसा लावू नये. तिथं शिफारशी हाच गाभा असतो, आणि मी सरांना काढायला सांगितलेला उपायांचा भाग तिथं सर्वांत शेवटी जाईल. तिथं आधी जाते ती पार्श्वभूमी, आणि मग एकाच मुद्द्याची दुसरी-तिसरी उदाहरणं. कथा लिहिणाऱ्यांनी पात्रांकडं पाहावं. एकच काम करणारे दोन शेजारी असतील तर त्यांचा एक करता येतो. तुमच्या लेखात, सर, तो मार्ग नाही. माणसं खरी आहेत.

पंधरा दिवसांपैकी मोठी छाटणी दोन दिवसांत होईल, सांधे आणखी दोन. मग चार दिवस लेख बंद ठेवा. नंतर तो वाचायला बायकोला देऊ नका, मित्रालाही नको. दोघांनी मोठा लेख वाचलाय, कापलेल्या जागा ते मनातून भरून काढतील. ज्यानं मूळ लेख पाहिलेला नाही असा कुणी शोधा, शाळेतला गणिताचा शिक्षक चालेल. मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही समोर कागद घेऊन बसा. तो जिथं अडखळतो तिथं वाक्य वाकडं आहे. पण तो जिथं थांबून मागचं पान उलटतो, तिथं खूण करा. तिथं काहीतरी जास्त कापलं गेलंय, आणि तुमच्या त्या 230 शब्दांतले काही त्या जागेसाठी लागतील.